इमारतीला एकच प्रश्न विचारायचा असेल तर: हव्या त्या आकड्याशेजारचं आयगेनमूल्य कसं शोधतात

लंडनचा मिलेनियम पूल १० जून २००० रोजी लोकांसाठी खुला झाला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला. पादचाऱ्यांची गर्दी वाढली की तो डावी-उजवीकडे डुलायला लागायचा, लोकांना कठड्याला धरून उभं राहावं लागायचं. पूल पडणार नव्हता, पण त्यावरून चालणं अवघड झालं होतं. पुढे कंपनं शोषणारे डँपर बसवून २००२ साली तो पुन्हा सुरू झाला.

माणूस चालताना सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो. एक पाऊल डावं, एक उजवं, त्यामुळे बाजूला बसणारा धक्का सेकंदाला एकदाच त्याच दिशेने येतो. या पुलाच्या आडव्या डुलण्याच्या काही नैसर्गिक वारंवारता नेमक्या त्याच आसपास आणि त्याखाली होत्या. असा पूल तपासणाऱ्या इंजिनिअरला सगळ्या वारंवारता माहीत असण्याची गरज नसते. त्याचा प्रश्न एकच असतो: सेकंदाला एक, या आकड्याच्या जवळ काही आहे का? असा नेमका प्रश्न गणिताला विचारण्याची एक पद्धत आहे. तिला शिफ्ट लावलेली व्यस्त पुनरावृत्ती म्हणतात. ती मला फार आवडते, कारण त्या गणितात जे चालतं ते खऱ्या इमारतीत जे घडतं त्याचीच नक्कल असते.

तीन मजल्यांची इमारत

पुलाचं गणित मोठं होतं, म्हणून एक छोटी इमारत घेऊ. तीन मजले, प्रत्येक मजल्याचं वस्तुमान २० टन. खांब प्रत्येक मजल्याला आडवं सरकायला विरोध करतात आणि हा ताठरपणा सगळीकडे सारखा आहे: वरचा मजला खालच्याच्या तुलनेत एक मिलिमीटर सरकवायला ८,००० न्यूटन बल लागतं. खऱ्या इमारती इतक्या सरळ नसतात, पण मुद्दा समजायला हे पुरेसं आहे.

तीन मजले किती सरकले हे तीन आकड्यांत सांगता येतं. त्या तीन आकड्यांना आपण 'आकार' म्हणू. इमारत अमुक आकारात वाकवली तर खांब प्रत्येक मजल्याला किती जोराने परत ओढतील, हे या तक्त्यातून निघतं:

```
 २  −१   ०
−१   २  −१
 ०  −१   १
```

या तक्त्यालाच मॅट्रिक्स म्हणतात. पहिली ओळ अशी वाचायची: पहिल्या मजल्यावरची ओढ म्हणजे त्याच्या स्वतःच्या सरकण्याची दुप्पट, वजा दुसऱ्याचं सरकणं. वजन आणि ताठरपणा यांचे आकडे मी बाजूला काढून ठेवलेत, ते शेवटी ४०० या गुणकाने परत येतील (८०,००,००० न्यूटन प्रति मीटर भागिले २०,००० किलो).

आता आकार कुठलाही घ्या, प्रत्येक मजल्यावरची ओढ वेगवेगळ्या प्रमाणात येते, आणि सोडून दिल्यावर इमारत वेडीवाकडी हलते. पण काही मोजके आकार असे असतात की तिन्ही मजल्यांवरची ओढ त्यांच्या सरकण्याच्या एकाच पटीत असते. मग तिन्ही मजले एका तालात झुलतात. ती पट म्हणजे आयगेनमूल्य. जितकी पट मोठी तितकं झुलणं जलद. तीन मजल्यांना अशा तीन पटी असतात.

यंत्राचा प्रश्न

समजा, वरच्या मजल्यावर मिनिटाला २३४ फेरे घेणारं एक जड यंत्र बसवायचं आहे. २३४ फेरे म्हणजे सेकंदाला ३.९. प्रत्येक फेऱ्याला ते इमारतीला आडवा हिसका देणार. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या तालात धक्के दिले की तो चढत जातो, तसंच इमारतीचं होतं. म्हणून प्रश्न असा: या इमारतीची एखादी नैसर्गिक वारंवारता ३.९ च्या जवळ आहे का?

वारंवारता पटीत बदलायची तर तिला २π ने गुणून वर्ग करायचा आणि ४०० ने भागायचं. ३.९ साठी उत्तर जवळजवळ १.५ येतं. म्हणजे मूळ प्रश्नाचं गणिती रूप झालं: १.५ च्या सर्वात जवळचं आयगेनमूल्य कोणतं? या १.५ ला शिफ्ट म्हणतात.

सरळ गुणत गेलं तर काय होतं

आयगेनमूल्य शोधायची सर्वात साधी युक्ती म्हणजे कुठलाही आकार घ्यायचा, मॅट्रिक्सने गुणायचा, आलेल्या उत्तराला पुन्हा गुणायचं, असं करत राहायचं. कुठल्याही आकारात त्या तीन खास आकारांचं मिश्रण असतं, आणि प्रत्येक गुणाकाराला ज्याची पट मोठी तो जास्त फुगतो. थोड्या वेळाने फक्त तोच उरतो. म्हणजे ही युक्ती नेहमी सर्वात मोठ्या पटीकडेच जाते. आपल्याला तर मधलाच कुणीतरी हवा आहे.

१९४४ साली जर्मनीत ग्योटिंगेन इथे हेल्मुट वीलांट विमानांच्या फ्लटरचं, म्हणजे वेग वाढल्यावर पंख फडफडू लागतात त्याचं, गणित करत होता. त्याने हेच उलटं फिरवलं. आधी मॅट्रिक्सच्या कर्णावरच्या प्रत्येक आकड्यातून शिफ्ट वजा करायची. त्यामुळे प्रत्येक आयगेनमूल्य तेवढ्याने सरकतं आणि १.५ च्या शेजारचं मूल्य शून्याच्या शेजारी येऊन बसतं. मग गुणायच्या ऐवजी भागायचं. शून्याजवळच्या आकड्याने भागलं की उत्तर प्रचंड येतं. म्हणून प्रत्येक फेरीत जो आकार शिफ्टच्या सर्वात जवळ, तोच सर्वात जास्त फुगतो.

मॅट्रिक्सने भागणं म्हणजे समीकरणं सोडवणं, आणि त्याचा इमारतीतला अर्थ असा: 'सेकंदाला ३.९ या तालात, अमुक आकाराचे हिसके दिले तर इमारत किती आणि कशी झुलेल?' इंजिनिअर ज्याला प्रतिसाद म्हणतात तो हाच. मिळालेला प्रतिसाद पुढच्या फेरीचा हिसका म्हणून वापरायचा. थोडक्यात, कागदावर इमारत हव्या त्या तालात हलवून बघायची आणि ती कुठल्या आकारात जोराने साथ देते ते पाहायचं. रेडिओची खुंटी फिरवून एखाद्या आकड्यावर आणली की शेजारचं केंद्र मोठ्याने लागतं, ती खुंटी म्हणजे शिफ्ट.

हाताने तीन फेऱ्या

हे हाताने करून बघण्यासारखं आहे, कागद-पेन्सिल घ्याच. कर्णावरून १.५ वजा केल्यावर २ चा ०.५ होतो आणि शेवटच्या १ चा −०.५. सुरुवातीचा हिसका तिन्ही मजल्यांना सारखाच देऊ: १, १, १. मजल्यांच्या झुलण्याला अ, ब, क म्हटलं तर:

```
०.५अ −    ब        = १
 −अ  + ०.५ब −    क = १
     −    ब − ०.५क = १
```

पहिल्या समीकरणातून ब = ०.५अ − १. तो तिसऱ्यात घातला की क = −अ. दोन्ही दुसऱ्यात घातले की ०.२५अ = १.५, म्हणजे अ = ६. मग ब = २, क = −६. एका फेरीतच दिसलं की वरचा मजला खालच्या दोघांच्या उलट दिशेला जातोय.

आयगेनमूल्याचा अंदाज असा काढायचा: हिसका आणि प्रतिसाद यांचा ओळीने गुणाकार करून बेरीज घ्या (६ + २ − ६ = २), तिला प्रतिसादातल्या आकड्यांच्या वर्गांच्या बेरजेने भागा (३६ + ४ + ३६ = ७६), आणि आलेलं उत्तर शिफ्टमध्ये मिळवा. १.५ + २/७६ म्हणजे १.५२६३.

दुसऱ्या फेरीत ६, २, −६ हाच हिसका. आपल्याला आकाराशीच मतलब आहे, मापाशी नाही, म्हणून निम्मा करून ३, १, −३ घेतला तरी चालतं. तीच समीकरणं सोडवली की येतात ५८, २६, −४६. अंदाज: १.५ + ३३८/६१५६ = १.५५४९०६.

तिसऱ्या फेरीला २९, १३, −२३ देऊन मिळतात ५२६, २३४, −४२२, आणि अंदाज होतो १.५५४९५८०. खरं मूल्य १.५५४९५८१ आहे. तीन फेऱ्यांत फरक सातव्या दशांश स्थळावर गेला. हे उत्तर आकाराशी ताडून बघा: ५२६ ला १ मानलं तर आकार होतो १, ०.४४५, −०.८०२. पहिल्या मजल्याची ओढ २ − ०.४४५ = १.५५५, बरोबर तितकीच पट.

इतक्या लवकर कसं जमलं, हे अंतरांवरून कळतं. या इमारतीची तीन आयगेनमूल्यं ०.१९८, १.५५५ आणि ३.२४७ आहेत. १.५ पासून सर्वात जवळचं ०.०५५ वर, त्यानंतरचं १.३०२ वर. या दोन अंतरांचा भागाकार ०.०४२. प्रत्येक फेरीत आकारातला नको तो भाग साधारण इतक्या पटीने उरतो, म्हणजे विसाव्या हिश्श्याहूनही कमी. अंदाजातली चूक तर याच्या वर्गाच्या हिशेबाने घटते, कारण वर वापरलेलं सूत्र आकारातल्या छोट्या चुकीला फारसं दाद देत नाही.

४०० ने गुणून वर्गमूळ काढलं आणि २π ने भागलं की वारंवारता ३.९७ येते, म्हणजे मिनिटाला सुमारे २३८ फेरे. आपलं यंत्र २३४ चं आहे. ते तिथे त्या गतीने बसवणं योग्य नाही.

सगळीच आयगेनमूल्यं का काढू नयेत?

तीन मजल्यांना खुशाल काढावीत. पण खऱ्या पुलाच्या संगणकी प्रतिकृतीत लाखभर अज्ञातं सहज असतात. लाख बाय लाखाचा पूर्ण तक्ता नुसता साठवायलाच ८० गिगाबाइट लागतात, आणि सगळी आयगेनमूल्यं काढायचं काम लाखाच्या घनाच्या हिशेबाने वाढतं. खऱ्या तक्त्यात मात्र बहुतेक जागी शून्यच असतं, कारण प्रत्येक सांधा फक्त शेजारच्या सांध्यांशी जोडलेला असतो. समीकरणं सोडवताना त्या शून्यांचा फायदा घेता येतो.

'व्यस्त' शब्द ऐकून अनेकांना वाटतं की मॅट्रिक्सचा व्यस्त तक्ता खरोखर काढावा लागतो. तसं कुणी करत नाही, कारण त्या व्यस्तात शून्यं जवळपास उरतच नाहीत. मॅट्रिक्सचे दोन त्रिकोणी तुकडे एकदा पाडून ठेवतात. ते एकदाचं काम महाग असतं. नंतरची प्रत्येक फेरी स्वस्त पडते, शिंप्याने एकदा बेत कापून ठेवला की पुढचे सदरे झटपट शिवून होतात तशी. शिफ्ट बदलली मात्र की बेत पुन्हा कापावा लागतो.

शून्याजवळच्या आकड्याने भागणं धोक्याचं नाही का?

हा आक्षेप अगदी रास्त आहे आणि जाणकारांनाही तो पडत आला आहे. शिफ्ट उत्तराच्या जितकी जवळ, तितकी समीकरणं नाजूक, आणि संगणकाच्या पूर्णांकनाच्या चुका तितक्याच फुगणार. तरीही उत्तर बिघडत नाही. इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतल्या जेम्स विल्किन्सनने याचं कारण नीट उलगडून दाखवलं.

शिफ्ट १.५५ घेऊन हीच पहिली फेरी केली तर मधे ०.०२०७ या इवल्याशा आकड्याने भागावं लागतं आणि अ येतो ७०.१. मुद्दाम निष्काळजीपणा करून मधले आकडे दोनच दशांशांपर्यंत ठेवले, तर भाजक ०.०२ होतो आणि अ येतो ७२.५. तीन टक्क्यांहून मोठी चूक! आता आकार बघा. नीट केलं तर १, ०.४३६, −०.८१८. निष्काळजीपणे केलं तर १, ०.४३६, −०.८२. आकाराला जवळपास धक्काच लागलेला नाही.

कौलारू घराची पन्हळ आठवा. पागोळ्या तिच्यात कुठेही पडोत, पाणी वाहतं ते पन्हळीच्याच दिशेने. इथे चूक फुगते ती ज्या दिशेत उत्तर फुगतं त्याच दिशेत, आणि आपल्याला ती दिशाच हवी आहे. शिफ्ट चुकून आयगेनमूल्यावरच तंतोतंत पडली तर भाजक शून्य होतो. अशा वेळी प्रोग्राम शून्याच्या जागी एक अतिशय छोटा आकडा ठेवून पुढे जातात, आणि वरच्याच कारणाने ते चालतं.

मग ही पद्धत फसते कुठे?

पहिली जागा शिफ्टच्या निवडीची. आपल्या इमारतीत १.५ ऐवजी १ घेतलं असतं तर अंतरं ०.५५५ आणि ०.८०२ झाली असती, आणि प्रत्येक फेरीत नको तो भाग फक्त ३० टक्क्यांनी घटला असता. ०.८७६ च्या आसपास तर ती दोन मूल्यांच्या बरोबर मधोमध येते. तिथे दोघेही सारखेच फुगतात, आकार फेरीगणिक बदलत राहतो, कुठेच स्थिरावत नाही. असं दिसलं की शिफ्ट थोडी हलवायची.

दुसरी जागा जास्त फसवी आहे, कारण तिथे उत्तर झटपट आणि सुबक येतं. दर फेरीला आलेला ताजा अंदाज हीच नवी शिफ्ट म्हणून घेतली तर वेग थक्क करणारा असतो. पण मग 'माझ्या आकड्याच्या जवळचं' ही अट हातची जाते. आपल्याच उदाहरणात १, १, १ या आकारावरून थेट अंदाज काढला तर तो ०.३३३ येतो. तीच शिफ्ट धरून निघालो तर पोहोचतो ०.१९८ ला. उत्तर खरं, पण आपण विचारलेल्या प्रश्नाचं नव्हे. म्हणून सुरुवातीच्या काही फेऱ्या शिफ्ट अढळ ठेवावी आणि पाय रोवले गेल्यावरच बदलावी.

तिसरी गोष्ट सुरुवातीच्या आकाराची. त्यात हव्या त्या आकाराचा अंशच नसेल तर फुगायला काही नाही. डावी-उजवी बाजू अगदी सारखी असलेल्या पुलाला सारखाच हिसका दिला तर त्याचं पीळ घेणं कधी दिसणारच नाही. म्हणून सुरुवात यदृच्छेने निवडलेल्या आकड्यांनी करतात. चौरस मनोऱ्यासारख्या रचनेत दोन दिशांच्या वारंवारता एकच असतात, तिथे एकाऐवजी दोन-तीन आकार एकदम पुढे न्यावे लागतात.

आणखी एक बारकी खोच. आयगेनमूल्य म्हणजे वारंवारतेचा वर्ग, त्यामुळे 'सर्वात जवळ' हे वर्गात मोजलं जातं. वारंवारता १ आणि ३ असतील आणि आपण २.१ विचारलं, तर सरळ पाहता ३ जवळ आहे. पण वर्गांत ४.४१ पासून १ हे ३.४१ वर आणि ९ हे ४.५९ वर पडतं, म्हणून पद्धत १ कडे जाते. शिफ्टच्या दोन्ही अंगांची मूल्यं मागवून घेतली की हा घोटाळा राहत नाही.

काही सुटलं नाही ना, हे कसं कळणार?

सापडलेलं मूल्य खरं आहे का, हे सोपं आहे. आकार मॅट्रिक्सने गुणून पट सगळ्या मजल्यांवर सारखी येते का ते पाहायचं, जे आपण वर केलं. शेजारी दुसरं कुणी लपलेलं नाही ना, हा प्रश्न अवघड. त्याचं उत्तर त्या त्रिकोणी तुकड्यांतच फुकट मिळतं, आणि आपल्यासारख्या सममित मॅट्रिक्ससाठी ते पक्कं असतं.

तुकडे पाडताना ओळीओळीने जे भाजक येतात ते लिहून ठेवायचे. शिफ्ट १.५ ला ते असे: ०.५; मग ०.५ − १/०.५ = −१.५; मग −०.५ + १/१.५ = ०.१६७. यात ऋण आकडा एकच. सिल्व्हेस्टरच्या नियमानुसार जितके भाजक ऋण, तितकी आयगेनमूल्यं शिफ्टच्या खाली असतात, म्हणून १.५ च्या खाली नेमकं एकच आयगेनमूल्य आहे. आता १.६ ला तेच करा: ०.४, −२.१, −०.१२४. ऋण दोन, म्हणजे १.६ च्या खाली दोन मूल्यं. एक आणि दोन यांतला फरक म्हणजे १.५ आणि १.६ च्या मधे एकच मूल्य आहे, आणि ते आपल्याला सापडलेलं आहे. फेऱ्यांच्या भाषेत, मिनिटाला २३४ ते सुमारे २४२ या पट्ट्यात दुसरं काही नाही.

मोठ्या कामात हे सगळं सॉफ्टवेअर करतं. पायथनमध्ये ताठरपणाचा तक्ता `K` आणि वस्तुमानाचा `M` असेल तर एवढंच लिहावं लागतं:

```python
from scipy.sparse.linalg import eigsh
vals, vecs = eigsh(K, k=4, M=M, sigma=600.0)
```

इथला `sigma` म्हणजे शिफ्ट. ६०० म्हणजे आपलेच १.५ गुणिले ४००, कारण `K` आणि `M` मध्ये खरे आकडे भरलेले असतात. आतमध्ये साध्या पुनरावृत्तीऐवजी लॅन्झोसची जास्त कसलेली पद्धत चालते, जी मागच्या फेऱ्यांचे आकारही लक्षात ठेवते. पण प्रत्येक पावलाला सोडवायची समीकरणं तीच, शिफ्ट वजा केलेली. `k=4` म्हणजे शिफ्टच्या जवळची चार मूल्यं. ती आली की सर्वात खालच्याच्या किंचित खाली आणि सर्वात वरच्याच्या किंचित वर अशा दोन शिफ्ट घेऊन ऋण भाजक मोजायचे. फरक चार आला तर ठीक. पाच आला तर त्या पट्ट्यात अजून एक वारंवारता लपलेली आहे, आणि यंत्राची गती ठरवण्याआधी शिफ्ट हलवून ती शोधावी लागते.